सिंदी मेघेहून जवळ काय, मुंबई की हैदराबाद?

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेतून नकाशावर सरळ रेघ ओढली, तर हैदराबाद पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि मुंबई सव्वासहाशेच्या. वर्ध्याला मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग भेटतात, त्यामुळे दोन्हीकडे जाणारी वाट इथूनच फुटते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची भारतातली दोन मोठी ठाणीही याच दोन शहरांत आहेत. मुंबईचं जून २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं नोव्हेंबर २०२२ मध्ये. या ठाण्यांना त्या व्यवसायात ‘रिजन’ म्हणतात. मग सिंदी मेघेतल्या कुणी मोबाइलवर संकेतस्थळ उघडलं आणि ते दोन्ही रिजनमध्ये ठेवलेलं असेल, तर फोन कुठे जाईल? हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिचा निर्णय नकाशा पाहून होत नाही. आणि एकदा झालेला निर्णय तिला हवा तेव्हा मागेही घेता येत नाही.

समजा, कापसाचे रोजचे भाव दाखवणारं एक संकेतस्थळ आहे. त्याचं नाव `bhav.example.com`. हिंगणघाट, यवतमाळ, पांढरकवडा इथले शेतकरी ते बघतात, आणि सीमेपलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादचे मराठी शेतकरीही. आजवर ते नागपुरात भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर चालत होतं. आता चालकांना ते मुंबई रिजनमध्ये हलवायचंय आणि मुंबई बंद पडली तर हैदराबादने काम सांभाळावं अशी सोय करायचीय. हे सगळं करताना शेतकऱ्याच्या फोनवर भाव दिसणं थांबता कामा नये.

फोनला नाव कळतं, पण जोडणी करायला त्याला आकडी आयपी पत्ता लागतो. तो पत्ता फोन स्वतः शोधत नाही. तो मोबाइल कंपनीच्या किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हरकडे उत्तर साठवलेलं असेल तर तो तिथल्या तिथे देतो. नसेल तर नावाच्या अधिकृत सर्व्हरपर्यंत जाऊन विचारून आणतो. आपल्या उदाहरणात अधिकृत सर्व्हर म्हणजे अ‍ॅमेझॉनची डीएनएस सेवा, रूट ५३. तिच्या नावातला ५३ हा डीएनएस ज्या पोर्टवर चालतं त्याचा क्रमांक. प्रत्येक उत्तराबरोबर अधिकृत सर्व्हर सेकंदांत एक मुदतही देतो: हे उत्तर इतका वेळ जवळ ठेवायला हरकत नाही, त्यानंतर पुन्हा विचारा. ही मुदत म्हणजे टीटीएल. क्लाउडमधला निर्णय अधिकृत सर्व्हरवर होतो, पण शेतकऱ्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा रिझॉल्व्हरच्या साठ्यातलं असतं. पुढची सगळी गुंतागुंत या दोन जागांमधल्या अंतरातून निघते.

आधी जवळ-लांबचा प्रश्न पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सरळ तार असती तर सिंदी मेघे ते हैदराबाद आणि परत या प्रवासाला चार मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागला असता आणि मुंबईला सहाच्या वर. म्हणजे फरक अडीच मिलिसेकंदांचा. पण तार सरळ नसते, आणि फोनचा संदेश आधी कंपनीच्या टॉवरवरून तिच्या मोठ्या केंद्रात जातो. ते केंद्र मुंबईत असेल, तर वर्ध्याहून हैदराबादला जाणारा संदेशही मुंबईला वळसा घालून जाऊ शकतो. अशा वेळी अडीच मिलिसेकंदांची भौगोलिक बचत कुठल्या कुठे जाते आणि हैदराबादच लांब पडतं. आपल्या घरून काय होतं ते `traceroute` ही आज्ञा देऊन पाहता येतं. वाटेतल्या थांब्यांच्या नावांत अनेकदा शहराची खूण सापडते.

म्हणूनच लेटन्सीनुसार मार्ग देणारी पद्धत अंतर मोजतच नाही. रूट ५३मध्ये ती २०१२ साली आली. एकाच नावाचे दोन रेकॉर्ड करायचे, एकावर मुंबई रिजनची खूण, दुसऱ्यावर हैदराबादची. वेगवेगळ्या नेटवर्कांपासून प्रत्येक रिजनपर्यंत किती वेळ लागतो याची मोजमापं अ‍ॅमेझॉन सतत करत असतं आणि त्यातून कोष्टकं तयार होतात. प्रश्न आला की विचारणाऱ्याचं नेटवर्क कोष्टकात शोधायचं आणि कमी वेळाच्या रिजनचा पत्ता द्यायचा. त्या क्षणी, त्या फोनसाठी नव्याने काहीही मोजलं जात नाही. शिवाय तिकडचा सर्व्हर कामाने दबलेला आहे की मोकळा, हेही या पद्धतीला माहीत नसतं.

इथे नीट थांबून पाहण्यासारखी गोष्ट अशी की ‘विचारणारा’ बहुधा शेतकरी नसतोच. अधिकृत सर्व्हरला दिसतो तो रिझॉल्व्हर. फोन सिंदी मेघेत, रिझॉल्व्हर मुंबईत, तर कोष्टकात मुंबईचं नेटवर्क शोधलं जातं आणि उत्तर अर्थातच मुंबईचं येतं. आदिलाबादच्या शेतकऱ्याचा रिझॉल्व्हर हैदराबादेत असेल तर त्याला हैदराबादचं. दोन्ही वेळा उत्तर बरोबर ठरेल, कारण रिझॉल्व्हर बहुधा कंपनीच्या मोठ्या केंद्राशेजारीच असतो. पण कुणी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा सार्वजनिक रिझॉल्व्हर लावला की हिशेब बदलतो. यावर उपाय म्हणून डीएनएसमध्ये एक जोड आहे. तिच्यामुळे रिझॉल्व्हर प्रश्नासोबत ग्राहकाच्या पत्त्याचा पुढचा भागही पाठवू शकतो, म्हणजे पूर्ण ओळख न देता फक्त त्याचं नेटवर्क कळवतो. रूट ५३ ही माहिती वापरतं. गूगलचा `8.8.8.8` ती पाठवतो, क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` ग्राहकाच्या खासगीपणासाठी पाठवत नाही. त्यामुळे एकाच घरातल्या दोन फोनना एकाच नावासाठी वेगळे पत्ते मिळू शकतात, आणि त्यात बिघाड कुठेच नसतो.

माझं मत विचाराल तर या संकेतस्थळासाठी मुंबई आणि हैदराबादमध्ये लेटन्सीवर निवड ठेवण्यात फार अर्थ नाही. काही मिलिसेकंदांसाठी दोन्हीकडे एकाच वेळी ताजा माल ठेवावा लागेल, आणि कोष्टक बदललं की आज मुंबईला जाणारा वर्धेकर उद्या हैदराबादला जाईल. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी वाचकांसाठी मासिक चालवत असाल तर गोष्ट वेगळी, कारण महासागर ओलांडून ये-जा करायला शेकडो मिलिसेकंद जातात आणि तिथे जवळचं रिजन डोळ्यांना दिसेल इतका फरक पाडतं. भावांच्या संकेतस्थळाला गरज आहे ती नीट स्थलांतराची आणि मुंबई पडली तर हैदराबादच्या आधाराची.

स्थलांतराची सुरुवात सर्व्हर हलवण्यापासून होत नाही, टीटीएलपासून होते. संगणकावर `dig` चालवून सध्याचा रेकॉर्ड अधिकृत सर्व्हरकडे मागितला तर असं दिसेल:

```
bhav.example.com.  86400  IN  A  192.0.2.10
```

८६४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस. तेच `dig` रोजच्या रिझॉल्व्हरला विचारलं तर आकडा कमी दिसतो:

```
bhav.example.com.  51230  IN  A  192.0.2.10
```

या रिझॉल्व्हरने पावणेदहा तासांपूर्वी उत्तर आणलं आणि अजून सव्वाचौदा तास तो कुणालाही नव्याने विचारणार नाही. आत्ता अधिकृत सर्व्हरवर पत्ता बदलला तरी या रिझॉल्व्हरचे सगळे ग्राहक उद्यापर्यंत जुन्याच पत्त्यावर जातील. त्याच्याकडचं उत्तर पुसून टाका असं सांगायची सोय अधिकृत सर्व्हरकडे नाही. काही मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरांनी एखादं नाव पुसण्यासाठी पान ठेवलंय, पण देशभरातल्या सगळ्या कंपन्यांच्या रिझॉल्व्हरांपाशी असं कुणी पोहोचू शकत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी दहाला फक्त टीटीएल बदलायचा, ८६४०० चा ६० करायचा. पत्त्याला हात लावायचा नाही. रूट ५३च्या जगभरच्या सर्व्हरांवर हा बदल साधारण मिनिटाभरात पोहोचतो. पण नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी ज्याने जुनं उत्तर नेलं, त्याच्याकडे जुनी मुदतही गेलेली असते. त्याचे चोवीस तास मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला संपतील. तोवर जुना टीटीएलच राज्य करतो, नवा नाही. मंगळवारी दुपारपर्यंत मुदत पाळणाऱ्या सगळ्या रिझॉल्व्हरांकडे साठ सेकंदांची उत्तरं असतील, आणि तेव्हा पत्ता बदलला तर मिनिटा-दोन मिनिटांत तो सगळीकडे लागू होईल. टीटीएल आणि पत्ता एकाच वेळी बदलणारे नेमके इथेच अडकतात: नवा टीटीएल साठ दिसतो, पण दिवसभर निम्मे ग्राहक जुन्या सर्व्हरवर येत राहतात.

उलट बाजूनेही एक सापळा आहे. नाव तयार होण्याआधीच कुणी ते उघडून पाहिलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर साठवतो. त्याची मुदत झोनच्या एसओए रेकॉर्डवरून ठरते आणि रूट ५३च्या नेहमीच्या मांडणीत ती १५ मिनिटं असते. नवं नाव जाहीर करण्याची घाई झाली, तर रेकॉर्ड बरोबर असूनही पंधरा मिनिटं काही लोकांना संकेतस्थळ सापडत नाही. उतावीळपणे पुन्हापुन्हा उघडून पाहिल्याने त्यात काही फरक पडत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे सारं २० ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. आपल्याकडे नरक चतुर्दशी होती. भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रिजनमधल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचं नाव, `dynamodb.us-east-1.amazonaws.com`, रिकामं उत्तर देऊ लागलं. सर्व्हर चालू होते, डेटा शाबूत होता, फक्त पत्ता मिळेना. डीएनएस रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या यंत्रणेचे दोन भाग एकमेकांच्या आडवे आले. मागे पडलेल्या एकाने जुनी योजना नवीवर चढवली, आणि त्याच सुमाराला दुसऱ्याने जुन्या योजना साफ करताना तीच पुसली. तिच्याबरोबर सगळे पत्ते गेले. पत्ते परत लावले गेले ते दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी. पण जोडण्या सगळीकडे पूर्ववत व्हायला ३ वाजून १० मिनिटं झाली, कारण तोवर ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरांकडे साठलेली चुकीची उत्तरं मुदत संपेपर्यंत टिकून होती. स्वतः अ‍ॅमेझॉनलाही या पंधरा मिनिटांत वाट पाहण्यावाचून दुसरं काही करता आलं नाही.

मग टीटीएल कायमच साठ का ठेवू नये? एक कारण खर्चाचं: टीटीएल एक दिवसाचा असताना जो रिझॉल्व्हर दिवसातून एकदा विचारतो, तोच साठ सेकंदांवर दिवसातून १,४४० वेळा विचारू शकतो, आणि रूट ५३ साध्या प्रश्नांसाठी दर दहा लाखांना ०.४० डॉलर आकारतं. छोट्या संकेतस्थळाला हा भार जाणवत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर मोठा हल्ला झाला आणि तिच्याकडे नावं ठेवलेली कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळं तासन्‌तास दिसेनाशी झाली. अशा वेळी लांब मुदतीची उत्तरं रिझॉल्व्हरांकडे शिल्लक असतील तर लोक पोहोचत राहतात. छोटी मुदत तुम्हाला डीएनएस सेवेवर क्षणोक्षणी अवलंबून ठेवते. जिथे फेलओव्हर लावायचाय त्या नावावर ६०, आणि वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या रेकॉर्डांवर काही तास, ही वाटणी मला योग्य वाटते.

मंगळवारी दुपारी सगळ्यांना एकदम मुंबईला पाठवण्याऐवजी थोड्यांना पाठवून पाहावं. यासाठी वेटेड रेकॉर्ड असतात. जुन्या नागपूर सर्व्हरच्या रेकॉर्डला वजन ९५ द्यायचं, मुंबईच्या रेकॉर्डला ५. वजन ० ते २५५ पर्यंत देता येतं आणि प्रत्येकाचा वाटा म्हणजे त्याचं वजन भागिले सगळ्यांची बेरीज. शंभरातल्या पाच प्रश्नांना मुंबईचा पत्ता जाईल.

प्रश्नांना, माणसांना नव्हे. मोठ्या मोबाइल कंपनीच्या एका रिझॉल्व्हरमागे लाखो ग्राहक असतात. त्याने विचारलं आणि त्याच्या वाट्याला मुंबई आली, तर पुढची साठ सेकंद त्याचे सगळे ग्राहक मुंबईला जातात. पुढच्या वेळी नागपूर आलं तर सगळे परत नागपूरला. म्हणून मुंबईच्या सर्व्हरवरचा भार पाच टक्क्यांच्या सपाट रेषेसारखा दिसत नाही. तो अचानक उसळतो आणि अचानक ओसरतो, आणि दिवसभराची बेरीज घेतली तर पाचाच्या आसपास येतो. टीटीएल जितका मोठा तितक्या या लाटा उंच. एकच शेतकरीही मिनिटागणिक इकडून तिकडे जाऊ शकतो. नुसते भाव वाचायचे असतील तर हरकत नाही, पण लॉगिन करून अर्ज भरायचा असेल आणि त्याची नोंद एकाच सर्व्हरच्या स्मृतीत असेल, तर तो मध्येच बाहेर फेकला जाईल. अशा वेळी ती नोंद दोन्ही सर्व्हरांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी लागते.

दिवसभरात मुंबईच्या नोंदवहीत चुका दिसल्या नाहीत, तर वजनं ५०-५०, मग नागपूर ०. वजन शून्य केल्यावरही नागपूरचा सर्व्हर बंद करायची घाई करू नये. काही रिझॉल्व्हर स्वतःची किमान मुदत लावतात. काही प्रोग्राम सुरू होताना एकदाच पत्ता विचारतात आणि पुन्हा सुरू करेपर्यंत तोच धरून बसतात. आणि जी जोडणी उघडी आहे तिला टीटीएल मुळीच लागू होत नाही, कारण डीएनएसला फक्त नवी जोडणी करताना विचारलं जातं. जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत येणाऱ्यांची संख्या रोज पाहावी आणि खरे ग्राहक येणं थांबल्यावरच तो बंद करावा.

आता फेलओव्हर. मुंबईचा रेकॉर्ड प्रमुख, हैदराबादचा राखीव. प्रमुखाला हेल्थ चेक जोडायचा: अ‍ॅमेझॉनचे निरीक्षक ठरलेल्या पानाला ३० सेकंदांनी विचारतात आणि ओळीने तीनदा उत्तर नाही मिळालं की ते ठिकाण आजारी धरतात. मुंबई सकाळी अकराला पडली असं समजू. साधारण अकरा वाजून दीड मिनिटाला रूट ५३ हैदराबादचा पत्ता देऊ लागेल. टीटीएल ६० असेल तर अडीच मिनिटांपर्यंत बहुतेक फोन हैदराबादला लागतील. टीटीएल ३०० असता तर साडेसहा मिनिटं. आणि ८६४०० तसाच राहिला असता, तर यंत्रणेने वेळेवर निर्णय घेऊनही काही शेतकऱ्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत भाव दिसले नसते. निरीक्षण दहा सेकंदांवर आणता येतं, पण पुढे मोठा टीटीएल असेल तर त्या साठ सेकंदांच्या बचतीला काही किंमत उरत नाही.

यात बिघाड होण्याची जागा बहुतेक वेळा हेल्थ चेक हीच असते. चेक फक्त मुखपृष्ठ पाहत असेल, तर डेटाबेस मेला तरी मुखपृष्ठ हसतमुख उघडतं आणि कुणाला काही कळत नाही. उलट मुंबई आणि हैदराबाद दोघांच्याही चेकमध्ये एकच सामायिक डेटाबेस तपासला जात असेल, तर तो पडताच दोघंही आजारी ठरतात, आणि तेव्हा रूट ५३ प्रमुखाचाच पत्ता देतं. तिसरी अडचण भारतीय संकेतस्थळांना खास लागू पडते. निरीक्षक सिंगापूर, टोकियो, सिडनी, आयर्लंड, साओ पावलो आणि अमेरिकेतून विचारतात. सुरक्षेसाठी परदेशातली ये-जा फायरवॉलने बंद केली असेल, तर सिंदी मेघेतून उत्तम उघडणारं संकेतस्थळ निरीक्षकांना मेलेलं दिसतं. हे निरीक्षक कोणत्या पत्त्यांवरून येतात ती यादी अ‍ॅमेझॉन प्रसिद्ध करतं. फायरवॉलमध्ये तेवढी वाट मोकळी ठेवावी लागते.

परतीचा प्रवास जास्त जोखमीचा असतो. मुंबई पुन्हा उभी राहिली की रूट ५३ आपणहून मुंबईचा पत्ता देऊ लागतं. पण मधल्या तासाभरात बाजार समितीने नवे भाव हैदराबादच्या डेटाबेसमध्ये भरले असतील आणि ते मुंबईला पोहोचलेले नसतील, तर शेतकऱ्याला सकाळचे जुने भाव दिसतील. त्यातच मुंबई दर काही मिनिटांनी उठत-पडत असेल तर उत्तरं हेलकावे खातात, आणि काही रिझॉल्व्हरांकडे मुंबई, काहींकडे हैदराबाद अशी सरमिसळ होते. त्यामुळे जाणं आपोआप ठेवावं, येणं माणसाच्या हाती. मुंबईच्या हेल्थ चेकचं पान एका खुणेच्या फाइलवर अवलंबून ठेवायचं: यंत्र नव्याने सुरू होताना ती फाइल आपोआप निघेल अशी सोय करायची, मग यंत्र उठलं तरी चेक नापास राहतो. दोन्हीकडचा डेटा जुळल्याची खात्री झाली की फाइल परत ठेवायची. हे सगळं मुंबईच्या सर्व्हरवरच होतं, रूट ५३च्या नियंत्रण पडद्यावर जावं लागत नाही, आणि हा फायदा मोठा आहे. उत्तरं देणारे रूट ५३चे सर्व्हर जगभर विखुरलेले आहेत, पण रेकॉर्ड बदलण्याची यंत्रणा उत्तर व्हर्जिनियात आहे, त्याच रिजनमध्ये जिथे ती नरक चतुर्दशीची घटना घडली. संकटाच्या वेळी हाताने रेकॉर्ड बदलू असा बेत केला, तर नेमक्या त्याच वेळी ते दार बंद असू शकतं. आधीच लावून ठेवलेल्या हेल्थ चेकला त्या दाराची गरज पडत नाही.